जिभेवरची गोळी, कोरडी बोटं

«आईची नागपूरला केमो चालू आहे, दुसरी झाली. उलटीसाठी डॉक्टरांनी जिभेवर ठेवायची गोळी दिली आहे, आठ मिलिग्रॅमची. पण पाकिटातून काढायला गेलो की बोटालेच चिकटते, अर्धी तिथंच राहते. आई म्हणते, पाण्याबिगर गोळी पोटात जाईनच कशी. पाण्यासोबत दिली तर चालते का? आणि गोळी दिल्यावर उलटी झाली तर परत द्यायची का?»

दादा, आधी थोडक्यात सांगते. पाण्यासोबत दिली तर औषध वाया जात नाही, पण त्या गोळीचा जो फायदा आहे तो जातो. बोटाला चिकटते ती तुमच्या हाताच्या ओलीमुळे, गोळी खराब आहे म्हणून नव्हे. आणि उलटी झाल्यावर परत द्यायची की नाही, हे उलटी किती मिनिटांनी झाली यावर ठरतं. आता प्रत्येक गोष्ट नीट सांगते. ग्रामीण रुग्णालयाच्या औषध खिडकीत माझी एकवीस वर्षं गेली आहेत आणि नागपूरहून केमो घेऊन गावी परतणारे पेशंट आठवड्याला दोन-तीन तरी भेटतात. ही गोळी कशी द्यायची हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना कोणी दाखवलेलं असतं.

तुमच्या आईला दिलेलं औषध बहुतेक ऑन्डान्सेट्रॉन असणार. पाकिटावर नावापुढे एमडी किंवा ओडीटी लिहिलेलं असेल तर ती तोंडात विरघळणारी गोळी. होळीला आपण मुलांच्या गळ्यात साखरेच्या गाठी घालतो, त्या आठवा. कोरड्या हातात गाठी दिवसभर टिकते, पण पोरानं ओल्या हातानं धरली की चिकट होते आणि बोटाचा ठसा उमटतो. ही गोळी त्याहून शंभरपट नाजूक. ती दोन प्रकारे बनते. एका प्रकारात औषधाचं मिश्रण गोठवून त्यातलं पाणी वाफ करून काढून घेतात, त्यामुळे आत नुसती छिद्रं उरतात आणि गोळी हाताला काही वजनच लागू नये इतकी हलकी होते. दुसऱ्या प्रकारात नेहमीसारखीच दाबून गोळी करतात, पण तिच्यात क्रॉसपोव्हिडोनसारखा एखादा घटक असतो. त्याला पाणी लागलं की तो झटकन फुगतो आणि गोळीला आतून फोडतो. आपल्याकडच्या दुकानात बहुतेक हा दुसरा प्रकार मिळतो.

दोन्ही प्रकारांत गोळी एकाच गोष्टीची वाट पाहत असते, ती म्हणजे ओल. ती ओल जिभेची की तुमच्या बोटाची, हे तिला कळत नाही. बोट ओलं असेल तर जे काम जिभेवर व्हायचं ते बोटावर सुरू होतं. बोटाला जो पांढरा लेप राहतो तो औषधासकटचा लेप असतो. अर्धी गोळी बोटावर राहिली तर आईला आठच्या जागी चारचाच डोस गेला, असं धरा. मग गोळी देऊनही उलटी थांबली नाही की घरचे म्हणतात, हे औषध लागू पडत नाही.

आता आईचा प्रश्न. माझ्या खिडकीवर एक आजी दरवेळी विचारायच्या, «बाई, गोळी तं तोंडातच विरून गेली, मंग पोटात काय गेलं?» प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तर असं की गोळी तोंडात फक्त फुटते. तिचं औषध तोंडातून रक्तात फारसं जात नाही. ते लाळेत मिसळतं, लाळ आपण गिळतो आणि पुढे आतड्यातून ते रक्तात जातं. म्हणजे साध्या गोळीचा जो रस्ता तोच हिचा, फक्त पेलाभर पाण्याऐवजी चमचाभर लाळ तिला पोटात घेऊन जाते.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली म्हणजे ही गोळी साध्या गोळीपेक्षा लवकर काम करते हा समज चुकीचा आहे. तोंडात ती काही सेकंदांत विरघळते, पण मळमळ कमी व्हायला साधारण अर्धा तास तरी लागतो आणि रक्तात औषध सगळ्यात जास्त पोचायला दीड-दोन तास लागतात. दहा मिनिटांत फरक पडला नाही म्हणून दुसरी गोळी देऊ नका. दुसरी म्हणजे ही जिभेखाली ठेवायची गोळी नाही. आपल्याकडे घरात कोणी हार्टचा पेशंट असेल तर सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायची हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि तीच सवय इथे लावली जाते. जिभेखाली ठेवली तर नुकसान काही नाही, पण फायदाही नाही, आणि तोंड कोरडं असेल तर तिथे ती ढेकळासारखी अडकून राहते. जिभेच्या वर, मधोमध ठेवायची.

मग पाणी का नको? पाण्याला बंदी नाही, पाण्याची गरज नाही. मळमळणाऱ्या माणसाचं पोट पेलाभर पाणी एकदम आलं की ते परत फेकतं, आणि त्या पाण्यासोबत गोळीही बाहेर जाते. ज्या गोळीला पाणीच लागत नाही तिच्या बाबतीत ही फजिती टळते. एवढ्यासाठीच ही गोळी लिहून दिलेली असते. देताना आईनं घोटभर पाणी मागितलंच तर द्या, भांडू नका, फक्त पेला भरून देऊ नका.

आता एक प्रसंग सांगते, म्हणजे कुठे काय चुकतं ते तुमच्या लक्षात येईल. ऑगस्टमधली गोष्ट. आमच्याच तालुक्यातल्या एक काकू, साठीच्या आसपास, नागपूरला केमो घेऊन एसटीनं परत आल्या होत्या. जांबपर्यंत बऱ्या होत्या, हिंगणघाट सोडल्यावर मळमळ सुरू झाली आणि घरी पोचेपर्यंत दोनदा उलटी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा माझ्या खिडकीवर आला. «म्याडम, चार गोळ्या देल्या, एकीनंही फरक नाही. दुसऱ्या कंपनीची द्या.»

मी त्याला म्हटलं, कंपनी नंतर बघू, आधी उरलेल्या गोळ्या दाखव. त्यानं शर्टाच्या खिशातून वहीच्या कागदाची पुडी काढली. प्रवासात सोपं जावं म्हणून त्यानं निघण्याआधीच सहा गोळ्या पाकिटातून फोडून कागदात बांधल्या होत्या. दोन दिवस पाऊस सुरू होता आणि शर्ट अर्धा भिजलेला. पुडीत ज्या दोन गोळ्या उरल्या होत्या त्यांच्या कडा मऊ झाल्या होत्या आणि एक कागदाला चिकटली होती. मी ती नखानं सोडवायला गेले तर तिचा भुगा झाला. म्हणजे काकूंना ज्या चार दिल्या त्याही अशाच असणार.

मग मी त्याला एक नवं पाकीट दिलं आणि म्हटलं, आईला देतो तशी काढून दाखव. त्यानं आधी नळावर हात धुतले, ते चांगलंच केलं. मग पँटला पुसले. पँट ओलीच. मग पाकिटाच्या मागून अंगठ्यानं गोळी दाबली, जशी आपण साधी गोळी काढतो. फॉइल फाटायच्या आधीच आतून कट्ट आवाज आला, गोळीचे तीन तुकडे झाले. मोठा तुकडा त्यानं दोन बोटांत धरला, आणि मी घड्याळाकडे बघत त्याच्याशी बोलत राहिले. मिनिटभरानं त्यानं तो तुकडा सोडायला बोटं उघडली तर तो अंगठ्याला चिकटून राहिला, खालून पांढरा, पेस्टसारखा. तो स्वतःच म्हणाला, «हे तं माह्या बोटालेच लागलं ना म्याडम, मायले काय गेलं?» त्यानंतर मला वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही. तुमचंही असंच होत असणार, दादा.

आता हे कसं करायचं ते सांगते. साबणानं हात धुवा, कारण केमोच्या पेशंटची प्रतिकारशक्ती कमी असते. मग कोरड्या सुती टॉवेलनं पुसा. पदराला नको, गमछ्यानं घाम पुसला असेल तर त्यालाही नको. पुसून झाल्यावर बोटांची टोकं एकमेकांवर घासून बघा. घसरत असतील, गार लागत असतील, तर अजून ओल आहे. मिनिटभर थांबा. मे महिन्यात घाम येतो, तेव्हा पुसल्याबरोबर लगेच गोळी काढा, रेंगाळू नका. आणि माठातल्या पाण्याचा स्टीलचा पेला त्याच हातात धरून गोळी काढायला जाऊ नका, पेल्याच्या बाहेर जे दव जमतं ते बोटांना लागतं. हे बारीक वाटेल, पण मी बघितलेल्या चिकटण्यापैकी बऱ्याच वेळा पेलाच कारण होता.

आईला आधी बसवा, पाठीला उशी लावून. तोंडात काही नाही ना, ते बघा. हे सगळं झाल्यावरच पाकिटाला हात लावा. एक कप्पा रेषेवरून वेगळा करा. त्याच्या कडेला किंवा कोपऱ्यात फॉइल सुटं असेल तर तिथून धरून सोलून काढा. तशी सोय नसेल आणि दोन्हीकडून जाड फॉइल असेल तर गोळीला धक्का न लावता कडेनं कात्रीनं उघडा. मागून अंगठ्यानं दाबायचं नाही, एवढं लक्षात ठेवा. मग कप्पा तसाच उलटा करून गोळी सरळ जिभेवर टाका, म्हणजे बोटाचा प्रश्नच राहत नाही. आई स्वतः घेणार असेल तर कोरड्या तळव्यावर काढून लगेच जिभेवर ठेवू द्या. चावायची नाही. तोंड मिटायचं, जीभ टाळूला हलकीच टेकवायची आणि लाळ जमली की गिळायची, दोन-तीनदा. अर्ध्या मिनिटात गोळी विरते. तोंडात थोडी रेव राहिल्यासारखी वाटते, तीही लाळेसोबत जाते. चव गोड असते. आईला शुगर असेल तर काळजी करू नका, ती गोडी बहुतेक साखरेची नसते, कृत्रिम गोडव्याची असते.

केमोनंतर बऱ्याच जणांचं तोंड सुकून जातं. त्यात दोनदा उलटी झालेली असेल तर लाळच नसते, आणि मग गोळी जिभेवर खडूसारखी पडून राहते. अशा वेळी गोळीच्या आधी आईला घोटभर पाण्यानं चूळ भरायला लावा आणि ते पाणी थुंकू द्या. जीभ ओली झाली की मग गोळी ठेवा. क्रम हाच, आधी चूळ, मग गोळी. पाण्याची जागा आईच्या तोंडात आहे, तुमच्या बोटावर नाही. तोंडात छाले आले असतील आणि गोळी झोंबत असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा, पातळ औषध किंवा दुसरा मार्ग ते देऊ शकतात. आणि आई ग्लानीत असेल, हाक मारल्यावर नीट ओ देत नसेल, तर कुठलीच गोळी तोंडात टाकायची नाही. तेव्हा गाडी बघायची आणि दवाखाना गाठायचा.

माळकरी किंवा महानुभाव घरातले लोक कधी कधी एक गोष्ट विचारतात म्हणून सांगते. गोठवून बनवलेल्या प्रकारात जिलेटिन असतं आणि ते जनावरापासून येतं. दाबून बनवलेल्या गोळीत ते सहसा नसतं. पथ्य पाळणारं घर असेल तर दुकानदाराला विचारून दाबलेली गोळी मागा.

आता उलटी झाल्यावरचं. साधी गोळी उलटीत पडलेली दिसते, ही विरून गेलेली असते, त्यामुळे बघून काहीच कळत नाही. म्हणून घड्याळ बघावं लागतं. जुलाब-उलटीच्या लहान मुलांवर या औषधाचा जो अभ्यास झाला, त्यात गोळीनंतर 15 मिनिटांच्या आत उलटी झाली तर डोस पुन्हा दिला होता. मोठ्या माणसांनाही बरेच डॉक्टर याच अंदाजानं चालतात. 15 मिनिटांच्या आत झाली तर बहुतेक औषध बाहेर गेलं. अर्ध्या तासानंतर झाली तर बरंचसं पुढे गेलेलं असतं, तेव्हा पुन्हा द्यायची नाही, पुढच्या ठरलेल्या वेळीच द्यायची. मधल्या वेळात झाली तर फोन करून विचारा. पण दादा, केमोच्या पेशंटला परत डोस द्यायचा की नाही हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं आहे, कारण नागपूरला शिरेतून आधी काय आणि किती दिलंय ते त्यांना माहीत. पुढच्या वेळी कागदावर लिहूनच घ्या: किती मिनिटांत उलटी झाली तर परत द्यायची, आणि चोवीस तासांत जास्तीत जास्त किती गोळ्या. रात्री अकराला गावात रेंज नसते, तेव्हा तो कागदच कामाचा.

त्या काकूंच्या मुलाला मी हेच सांगून पाठवलं होतं. डॉक्टरांच्या कागदावर सकाळ-संध्याकाळ आठची एक-एक गोळी होती. संध्याकाळी त्यानं ठरल्याप्रमाणे सात वाजता दिली, चूळ भरायला लावून, कप्पा थेट जिभेवर उलटा करून. पहिली वीस मिनिटं काकू तशाच बसून होत्या. पावणेआठला त्यांनी स्वतः पाणी मागितलं. पेला भरून दिला नाही, ओआरएसचा एक चमचा दिला, एक-दोन मिनिटं थांबून दुसरा, असं अर्धा तास. साडेआठला दोन घास मऊ भात खाल्ला आणि तो टिकला. गोळी तीच होती, कंपनी तीच होती.

पण गोष्ट इथे संपली नाही आणि हा पुढचा भाग तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे. तिसऱ्या दिवशी मुलगा पुन्हा आला. उलटी नाही, पण मळमळ परत सुरू, घास बघितला की तोंड फिरवतात, आणि गोळी नीट देऊनही फरक नाही. मी विचारलं, परसाकडे कधी झाली? तो गप्प झाला, मग आईला फोन लावला. चार दिवस झाली नव्हती. हे औषध बद्धकोष्ठ करतं. त्यात केमो, त्यात खाणं-पिणं कमी, आणि पोट साफ नसलं की त्यानंच मळमळतं. घरचे मळमळ बघून आणखी गोळी देतात, गोळीनं पोट आणखी बांधलं जातं. अशा वेळी गोळी वाढवायची नसते, डॉक्टरांना सांगून पोट साफ होण्याचं औषध घ्यायचं असतं. काकूंचं तसंच केलं आणि एका दिवसात त्या जेवायला बसल्या. डोकं दुखतं, तेही या गोळीनं होतं, त्यानं घाबरू नका, पण सांगा.

केमोच्या मळमळीचे दोन भाग असतात हेही लक्षात असू द्या. पहिल्या चोवीस तासांतली मळमळ या गोळीनं चांगली आवरते. दुसऱ्या ते पाचव्या दिवसात जी येते तिच्यावर ही एकटी गोळी कमी पडते, तिथे डेक्सामेथासोन, ओलॅन्झापिन अशी वेगळी औषधं लागतात. म्हणून आईला तिसऱ्या दिवशी त्रास होत असेल तर गोळी निकामी आहे असं समजू नका आणि दुकानातून आणखी एक पाकीटही आणू नका. कोणत्या दिवशी, किती वाजता मळमळलं ते वहीत टिपा आणि तिसऱ्या केमोच्या आधी डॉक्टरांना ते पान दाखवा. त्यावरून ते औषध बदलतात.

दोन बाबतीत सावध राहा. आईला हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल, त्याची औषधं चालू असतील, किंवा मध्येच कोणी सर्दी-खोकल्यासाठी अॅझिथ्रोमायसिन लिहिलं असेल, तर ही गोळी चालू आहे हे आधी सांगा. हे औषध ठोक्याची लय बिघडवू शकतं, आणि खूप उलट्या-जुलाबांनी अंगातलं पोटॅशियम कमी झालं असेल तर तो धोका वाढतो. चक्कर येऊन पडणं किंवा छातीत धडधड झाली तर पुढची गोळी थांबवा आणि लगेच दवाखाना गाठा. लिव्हर फारच खराब असेल तर दिवसाला आठ मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत, तेही डॉक्टरांना आठवण करून द्या. आणि केमोच्या पेशंटला 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, किंवा सात-आठ तास लघवीच झाली नाही, तर गोळीचा विचार बाजूला ठेवून त्याच रात्री दवाखान्यात न्या. सकाळची पहिली एसटी येईपर्यंत थांबू नका.

घरात लहान पोट्टं असेल आणि त्याला उलट्या झाल्या तर आईच्या पाकिटातली गोळी अर्धी करून देऊ नका. मुलांचा डोस वजनावर असतो, आणि ही नाजूक गोळी बरोबर अर्धी होत नाही, अर्धी हातात भुगा होते. मुलांसाठी पातळ औषध मिळतं, ते डॉक्टरांना वजन सांगून घ्या.

राहिलं ठेवण्याचं. पूर्ण पाकीट घ्या. दुकानदार कात्रीनं कापून देतो तेव्हा कधी कधी शेजारच्या कप्प्याची कड कापली जाते आणि त्यातून पावसाळ्याची हवा आत शिरते. आमच्याकडे असं एक पाकीट आलं होतं, बाहेरून चांगलं, आतली गोळी फुगून कप्प्याला चिकटलेली. कापूनच घ्यावं लागलं तर घरी येऊन प्रत्येक कप्प्याची कड उजेडात धरून बघा. देव्हाऱ्याजवळ, चुलीच्या वरच्या फळीवर किंवा मोरीच्या खिडकीत ठेवू नका. झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा आणि डब्यावर आईचं नाव लिहा. एसटीनं नागपूरला जाताना पाकीट न फोडता, घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घ्या, आणि त्याच पिशवीत एक छोटा कोरडा रुमाल ठेवा, फक्त हात पुसायला. गाडीत मळमळ सुरू झाली की तुम्ही घाईत असाल आणि हात घामानं किंवा पावसानं ओले असतील. तेव्हा आधी रुमाल काढा, मग पाकीट.